मेणबत्तीने मेणबत्ती गिळली

परवा अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने मोबाईलवर शेअरचा आलेख दाखवला. "मामा, पाहा, हिरव्या मेणबत्तीनं लाल गिळली! आता भाव चढतेच." सोयाबीनचे आलेले पैसे तो या एका खुणेवर लावणार होता. मी मराठीतला बी.ए., जन्मभर वर्गात शिकवलेला माणूस. शेअरबाजार मला कळत नाही, पण मोजणी कळते. अमरावतीला परतताना बसमध्ये वहीवर हिशेब मांडला.

खूण साधी आहे. काल शेअर १०४ ला उघडला आणि १०० ला बंद झाला, म्हणजे लाल. आज ९९.५० ला उघडून १०५ ला बंद झाला, म्हणजे हिरवा. आजच्या मेणबत्तीच्या पोटात कालची पूर्ण मावली. हेच 'गिळणे'. पण आज तो १०१ ला उघडला असता, तर खूणच नाही!

आता समजा, भाव निव्वळ नाणेफेकीसारखा चालतो आणि रोज कालच्या बंद भावालाच उघडतो. सलग दोन दिवसांचे रंग निम्म्या वेळा वेगळे असतील. त्यातल्या निम्म्या वेळा दुसरी मेणबत्ती मोठी असेल. म्हणजे चार दिवसांत एकदा गिळंकृती, आणि त्यातली निम्मी 'हिरवी'. वर्षाचे २४८ दिवस धरले तर ३१ खुणा, त्याही केवळ योगायोगाने! प्रत्यक्षात भाव कधी वर, कधी खाली उघडतो, म्हणून कडक नियमाने त्या कमी निघतात. पण खूण दिसली म्हणजे काही घडले, असे मात्र होत नाही.

भाच्याची बाजू घेऊन मानू की ३१ पैकी १८ वेळा आठवड्याने भाव चढला. नाणे ३१ वेळा उडवले, तरी १८ किंवा त्याहून जास्त छापे साधारण चार प्रयत्नांत एकदा येतात. शिवाय वर्ष तेजीचे असेल, तर कोणत्याही दिवशी घेतलेला शेअर निम्म्याहून जास्त वेळा चढलेला दिसेल. तुलना त्या 'कोणत्याही दिवसा'शी हवी, पन्नास टक्क्यांशी नव्हे. आणि खूण पक्की होते दुपारी साडेतीनला, बाजार बंद झाल्यावर. खरेदी उद्याच्या भावाने. त्यावर घेताना आणि विकताना ०.१ टक्का व्यवहार कर, दलाली वेगळी.

मार्शल, यंग आणि रोझ या संशोधकांनी २००६ साली डाऊ जोन्समधील शेअर्सच्या १९९२ ते २००२ या काळातील दैनंदिन भावांवर अशा मेणबत्त्या तपासल्या. फायदा आढळला नाही. ती परकी बाजारपेठ आहे, हे खरे. पण आपल्याकडे फायदा होतो म्हणणाऱ्याने मोजून तरी दाखवावे!

रात्री भाच्याला फोन केला. म्हटले, एक वही घे. नियम आधी लिही, मग प्रत्येक खूण नोंदव, फसलेलीसुद्धा. शेजारच्या रकान्यात डोळे मिटून निवडलेले दिवस लिही. वर्षभराने दोन्ही रकाने घेऊन ये.

"आणि तोवर पैसे, मामा?"

"पेरणीला लागतील ना रे!"

तो हसला. वही घेतली की नाही, ते दिवाळीत कळेल.