बंगळुरातल्यांनासुद्धा : एका शब्दाची उकल

‘बंगळुरातल्यांनासुद्धा’ हा शब्द बोलताना कोणालाही अडत नाही. परंतु कोशकाराला त्याची नोंद कोणत्या मूळ शब्दाखाली करावी, मुद्रितशोधकाला त्यातील उकार ऱ्हस्व का ठेवावा आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करणाऱ्याला तो नेमका कोणत्या कन्नड रूपाच्या जागी घालावा, हे ठरवावयाचे झाल्यास त्याचे तुकडे पाडावे लागतात, आणि तुकडे पाडण्याची रीत पक्की नसेल तर पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. बेंगळुरूत मराठी आणि कन्नड शेजारी नांदत असल्यामुळे या शहराचे नाव आणि त्यावर चढलेले प्रत्यय हेच या अंकातील चर्चेसाठी उदाहरण म्हणून निवडले आहे.

आधी तीन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. धातू म्हणजे क्रियेचा अर्थ वाहणारे, आणखी न फुटणारे मूळ. ‘शिकवणाऱ्यांना’ या शब्दात ते ‘शिक’ आहे. प्रत्यय म्हणजे स्वतंत्रपणे न वापरता येणारा, मागच्या शब्दाला चिकटून अर्थ किंवा संबंध बदलणारा तुकडा. या दोहोंमधील तिसरी संज्ञा अधिक निसरडी आहे. ज्याला प्रत्यय लागतो त्या संपूर्ण पूर्वभागाला संस्कृत वैयाकरण ‘अंग’ म्हणतात, आणि हे अंग ठरावीक नसून प्रत्येक प्रत्ययागणिक बदलते: ‘व’ या प्रयोजक प्रत्ययाचे अंग ‘शिक’, ‘णारा’चे अंग ‘शिकव’, आणि ‘ना’चे अंग ‘शिकवणाऱ्यां’. धातू एकच असतो, अंगे मात्र थरागणिक वाढत जातात. ‘शिकव’ला धातू म्हणून नोंदवणाऱ्या आणि ‘शिक’शी त्याचा संबंधच न दाखवणाऱ्या याद्यांमध्ये हा फरक हरवलेला असतो.

मराठी प्रत्यय उजवीकडे साचत जातात, म्हणून उकल उजवीकडून करावी. डावीकडून सुरुवात केल्यास ओळखीचा दिसणारा कोणताही तुकडा उपसर्ग वाटू शकतो. ‘बेंगळुरू’ या शब्दाच्या आरंभीही ‘बे’ दिसतो, पण म्हणून त्याला ‘बेजबाबदार’च्या पंगतीस कोणी बसवत नाही.

‘बंगळुरातल्यांनासुद्धा’मधून पहिल्यांदा ‘सुद्धा’ निघते, आणि ते सहज निघते, कारण उरलेला ‘बंगळुरातल्यांना’ हा वाक्यात स्वतंत्रपणे उभा राहणारा पूर्ण शब्द आहे. त्यानंतर ‘ना’ काढल्यावर ‘बंगळुरातल्यां’ उरते, जे एकटे वापरता येत नाही. उरलेला भाग स्वतंत्र शब्द नसणे ही चूक नसून खूण आहे: इथे सामान्यरूप, म्हणजे विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी शब्दाला येणारे रूप, हाती आले आहे. अनुस्वार ‘ना’चा की अंगाचा, हा प्रश्न प्रत्यय बदलून सुटतो. ‘बंगळुरातल्यांवर’, ‘बंगळुरातल्यांसाठी’ या रूपांतही अनुस्वार तसाच राहतो, म्हणून तो अंगाचा, अनेकवचनी सामान्यरूपाचा आहे. तो दूर केला की ‘बंगळुरातल्या’ हे एकवचनी सामान्यरूप मिळते, आणि ‘या’च्या जागी पुल्लिंगी एकवचनाचा ‘आ’ परत बसवला की ‘बंगळुरातला’ हा शब्द सापडतो. तुकडा काढल्यावर प्रत्यय लागताना झालेला बदल उलट फिरवून मूळ रूप पुन्हा उभे करणे, ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि ती गाळली की उरतात ती केवळ अक्षरे.

या ठिकाणी खरी अडचण येते. ‘बंगळुरातला’च्या शेवटी ‘ला’ आहे आणि ‘बंगळूरला’च्या शेवटीही ‘ला’ आहे, परंतु हे दोन निराळे प्रत्यय आहेत. पहिला नामापासून विशेषण घडवतो आणि लिंगवचनाप्रमाणे बदलतो: बंगळुरातला मुलगा, बंगळुरातली मुलगी, बंगळुरातले लोक. दुसरा द्वितीया-चतुर्थीचा असून कशानेही बदलत नाही. ‘बंगळुरातल्याला’ या रूपात तर हे दोन्ही एकापाठोपाठ येतात, आणि केवळ दिसण्यावरून तुकडे पाडणाऱ्याला तिथे एकच प्रत्यय दोनदा आल्याचा भास होतो. ‘ला-ली-ले’ ही कसोटी इथे पुरेशी आहे. तीच कसोटी उलट दिशेनेही उपयोगी पडते: ‘बाटल्यांना’ या शब्दाचा शेवटही ‘ल्यांना’ असाच दिसतो, पण तिथे ‘बाटला’, ‘बाटले’ असे विशेषण उभे राहत नाही, कारण तो ‘ल’ मुळातच ‘बाटली’चा आहे.

‘ला’ काढल्यावर उरते ‘बंगळुरात’, म्हणजे सप्तमीचे सिद्ध रूप. शालेय व्याकरणात विभक्तिप्रत्यय लागला की शब्द पुरा झाला असे शिकवले जाते. इथे मात्र सप्तमीच्या ‘त’नंतर विशेषणाचा प्रत्यय लागला, त्या विशेषणाचे नाम झाले आणि त्या नामाला पुन्हा विभक्ती लागली. एका शब्दात दोन विभक्ती असू शकतात, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकांनी अपवाद म्हणून नव्हे तर नियम म्हणून शिकवली पाहिजे, कारण ‘घरातल्यांना’, ‘गावातल्यांनी’ अशी रूपे रोजच्या बोलण्यातली आहेत.

‘त’ बाजूला केल्यावर ‘बंगळुरा’ हे सामान्यरूप उरते. ‘आ’ काढून मूळ शब्द उभा करताना उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातील उकाराकडे लक्ष द्यावे लागते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे उपान्त्य ईकार-ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतात: फूल-फुलात, मूल-मुलाला, नागपूर-नागपुरात. म्हणून मूळ शब्द ‘बंगळूर’. ‘बंगळूरला’मध्ये मात्र ऊकार दीर्घच राहतो, कारण गावांच्या अशा नावांना ‘ला’ लागताना बहुधा सामान्यरूप होतच नाही. ‘नागपूरला’ म्हणतात, ‘नागपुराला’ नव्हे. एकाच नामाची दोन प्रत्ययांपुढे दोन अंगे असतात, आणि मुद्रितशोधकाने दोन्ही ठिकाणचा उकार सरसकट एकसारखा करणे ही उघड चूक ठरते.

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेंगळुरू’ झाले आणि मराठीपुरता एक वेगळाच बदल घडला. ‘बंगळूर’ व्यंजनान्त उच्चाराचे होते, म्हणून त्याचे ‘बंगळुरा’ होत असे. ‘बेंगळुरू’ ऊकारान्त आहे आणि त्याचे सामान्यरूप वेगळे होत नाही, म्हणून ‘बेंगळुरूत’, ‘बेंगळुरूतला’, ‘बेंगळुरूतल्यांनासुद्धा’. नाव बदलले आणि शब्दाचा रूपवर्गच बदलला. नव्या नावाचा आदर राखून जुन्या वळणाने लिहिलेले ‘बेंगळुरात’ हे रूप दोन वर्गांची सरमिसळ आहे. ते टाळणे इष्ट.

यातील गंमत कन्नडकडे पाहिल्यावर कळते. कन्नडमध्ये हे नाव ‘बेंगळूरु’ असे, म्हणजे उपान्त्य दीर्घ आणि अन्त्य ऱ्हस्व, लिहिले जाते. मराठी लेखननियमांना अन्त्य उकार दीर्घ आणि त्याच्या आधीचा ऱ्हस्व हवा असतो, म्हणून दोन्ही मात्रांची अदलाबदल होऊन ‘बेंगळुरू’ झाले. शिवाय कन्नडमधला तो शेवटचा ‘उ’ उच्चाराच्या सोयीचा आहे; स्वराने सुरू होणारा प्रत्यय पुढे आला की तो गळतो. त्यामुळे कन्नडचे अंग ‘बेंगळूर्’ असे व्यंजनान्तच राहते. मराठीने ज्या स्वराला आता अंगाचा भाग मानले आहे तो कन्नड स्वतः प्रत्ययापुढे टाकून देते, आणि जुने मराठी ‘बंगळूर’ अंगाच्या दृष्टीने कन्नडला अधिक जवळचे होते, असे म्हणावे लागते.

याच आशयाचा कन्नड शब्द ‘बेंगळूरिनल्लिरुववरिगू’ असा होतो. उजवीकडून पाहिल्यास ‘ऊ’ म्हणजे ‘सुद्धा’, ‘इगे’ ही चतुर्थी, जिचा ‘ए’ पुढच्या ‘ऊ’मुळे लोपला आहे, ‘अवर्’ म्हणजे ‘ते’ हे अनेकवचनी सर्वनाम, ‘उव’ हा वर्तमानाचा कृत्प्रत्यय, ‘इर्’ म्हणजे ‘असणे’ हा धातू, ‘अल्लि’ ही सप्तमी, आणि ‘इन’ हा नाम व सप्तमी यांमधला, मराठी सामान्यरूपाच्या ‘आ’सारखे काम करणारा तुकडा. लागून आलेल्या दोन स्वरांपैकी एक गाळणाऱ्या या संधीला कन्नड वैयाकरण ‘लोपसंधी’ म्हणतात, आणि उकल करताना गळालेला स्वर परत घालावाच लागतो. अन्यथा ‘ल्लिरु’चे तुकडे जुळत नाहीत. मराठी शब्दात धातू मुळीच नाही, कन्नड शब्दात आहे: कन्नड ‘असणारे’ म्हणते, मराठी ते काम एकट्या ‘ल’वर सोपवते. म्हणून या कन्नड रूपाचे ‘बेंगळुरूमध्ये असणाऱ्यांनासुद्धा’ असे भाषांतर व्याकरणदृष्ट्या बरोबर असूनही बोजड वाटते. तुकड्याला तुकडा जुळवणारा अनुवादक इथे नेमका फसतो.

उकल कोठे थांबवावी, हाही प्रश्न आहेच. मराठीत ‘बंगळूर’ अखंड आहे. कन्नडमध्ये ‘ऊरु’ म्हणजे गाव, हा तुकडा निर्विवाद सुटतो. परंतु त्याआधीच्या भागाचे काय? राजा बल्लाळाला एका वृद्धेने उकडलेले दाणे खाऊ घातले म्हणून ‘बेंद काळु ऊरु’, उकडलेल्या दाण्यांचे गाव, ही कथा शहरात सर्वतोमुखी आहे. ‘क’चा ‘ग’ होणे कन्नड समासात नियमित आहे. मराठीत आलेल्या ‘वीरगळ’ शब्दातही कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड, याचा ‘क’ तसाच ‘ग’ झाला आहे. पण ‘बेंद’मधला ‘द’ कोठे गेला, याचा नियम ही व्युत्पत्ती देत नाही. त्याहून मोठी अडचण काळाची आहे: बेगूर येथील नागेश्वर मंदिरातल्या, इ. स. ८९० च्या सुमाराच्या वीरगळावर बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे, आणि कथेतला वीर बल्लाळ, म्हणजे होयसळ राजा दुसरा बल्लाळ, ११७३ मध्ये गादीवर आला. नाव राजापेक्षा सुमारे तीनशे वर्षांनी जुने आहे. ज्या तुकड्याचा अर्थही सांगता येत नाही आणि जो त्याच अर्थाने दुसऱ्या शब्दात दाखवताही येत नाही, त्याच्या आधी उकलीची रेघ मारून कोशात ‘बेंगळ-’पुढे प्रश्नचिन्ह ठेवणे अधिक शास्त्रीय होय.