समन्स न मिळताच झालेला हुकूमनामा

आपल्या कारागिरांत एक समज आहे की एकतर्फी हुकूमनामा झाला म्हणजे खेळ संपला, आता मिळेल त्या रकमेत तडजोड करावी. माझ्या मते समन्स मिळालेच नसेल तर ही घाई नुकसानीची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, त्याच कोर्टाकडे तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

समजा, भिवंडीतील एका यंत्रमागवाल्याने २०२२ साली गाळा बदलला. सुताच्या व्यापाऱ्याने १,८५,००० रुपयांचा दावा जुन्या गाळ्याच्या पत्त्यावर लावला. बेलिफाने बंद दारावर समन्स चिकटवले आणि मार्च २०२४ मध्ये हुकूमनामा झाला. ५ ऑगस्टला जप्तीचे वॉरंट नव्या गाळ्यावर आले, तेव्हा त्याला प्रथम कळले. समन्सची बजावणी रीतसर झाली नसेल, तर अर्जाची ३० दिवसांची मुदत हुकूमनामा कळल्यापासून धरतात. म्हणजे त्याला ४ सप्टेंबरपर्यंत वेळ होता.

पहिले काम बेलिफाच्या अहवालाची नक्कल काढणे. समन्स चिकटवायचे तर प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो त्याच जागी, तेही नीट शोध घेतल्यावर. जागा कोणी दाखवली, कोणासमोर चिकटवले, त्यांची नावे-पत्ते अहवालात हवेत. नुसते "दार बंद, चिकटवले" एवढेच असेल, तर बजावणीवर हरकत घ्यावी आणि बेलिफाची शपथेवर तपासणी मागावी. सोबत नव्या गाळ्याचा भाडेकरार व वीजबिल जोडावे. त्या व्यापाऱ्याचेच एखादे चलन नव्या पत्त्यावर आलेले असेल, तर त्याहून मोठा पुरावा नाही. नवा पत्ता त्याला माहीत होता हे त्यातून दिसते.

मात्र तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळही होता, असे समोरच्याने सिद्ध केले, तर बजावणीतील केवळ उणिवेवर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणून जुन्या चिठ्ठ्या आणि मोबाईलवरचे निरोप वकिलापासून लपवू नयेत.

नुसत्या अर्जाने जप्ती थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. कोर्ट खर्च किंवा काही रक्कम भरण्याची अट घालू शकते. समोरच्याला नोटीस दिल्याखेरीज हुकूमनामा रद्दही होत नाही.

अर्ज मंजूर झाला म्हणजे देणे माफ झाले असे नव्हे. दावा पुन्हा चालतो, आणि खराब सुताची, परत केलेल्या मालाची, दिलेल्या रकमेची बाजू तेव्हा मांडता येते. तडजोड करायचीच असेल तर आपल्या वहीचा हिशेब कोर्टासमोर ठेवून करावी, दारात उभ्या बेलिफाच्या धाकाने नव्हे.