दुकानदारीच्या चार गोष्टी : एकाच बिलाचे पैसे दोनदा

उधारी कशी वसूल करावी हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. गिऱ्हाइकाकडून चुकून दोनदा आलेले पैसे त्याला कसे कळवावेत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक हल्ली हा प्रसंग फार वेळा येतो, कारण पैसे देणारे हात घरात एकाहून अधिक झाले आहेत. यंदाच्या दिवाळीला हाच विषय घेऊ.

समजा, बीडच्या मोंढ्यात फरशी आणि नळसामानाचे एक दुकान आहे. अंबाजोगाईच्या एका निवृत्त गुरुजींनी घरबांधणीसाठी तिथून माल नेला. बिल क्रमांक २१४, तारीख ५ ऑक्टोबर, रक्कम १८,४५० रुपये. गुरुजींनी ८ तारखेला बँकेत जाऊन एनईएफटीने पैसे धाडले. पुण्यातल्या चिरंजीवांना वाटले, बाबांना कशाला हेलपाटा? त्यांनी ९ तारखेला फोनवरून यूपीआयने तेवढेच पैसे पाठवले. बापाने लेकाला सांगितले नाही, लेकाने बापाला विचारले नाही. दुकानाच्या खात्यावर मात्र ३६,९०० रुपये जमा झाले.

आता दुकानदाराचे पहिले काम पत्र लिहिणे नव्हे, खात्री करणे. त्यासाठी फोनवर आलेला संदेश पाहू नये, बँकेचा उतारा पाहावा. प्रत्येक व्यवहाराला बँकेचा एक क्रमांक असतो. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो. दोन नोंदींचे क्रमांक वेगळे असले तर पैसे खरोखर दोनदा आले. क्रमांक एकच असेल तर पैसे एकदाच आले आणि मुनीमजींनी ते दोनदा लिहिले, एवढाच अर्थ.

मग खातेवही उघडावी. त्याच गिऱ्हाइकाचे दुसरे एखादे बिल येणे आहे काय? दुसरी रक्कम त्याच्यापोटी आलेली असू शकते. पहिली रक्कम चेकने आली असेल तर चेक वटेपर्यंत थांबावे. तो बँकेत भरलाच नसेल तर चेकच परत द्यावा; सगळी भानगड तिथेच मिटते.

कधी गिऱ्हाईक सांगते, “माझ्या खात्यातून दोनदा गेले हो!” आणि दुकानाच्या उताऱ्यावर तर एकच जमा दिसते. अशा वेळी “पैसे मिळाले” असे मुळीच लिहून देऊ नये. तो अडकलेला व्यवहार असतो. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे असे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. मात्र हा नियम गुरुजींच्या कामाचा नाही. त्यांचे दोन्ही व्यवहार पुरे झाले आहेत. तिथे बँक आपणहून काही करणार नाही. पैसे दुकानदारानेच परत केले पाहिजेत. आणि हा मेहेरबानीचा मामला नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते, की चुकीने मिळालेला पैसा ज्याला मिळाला त्याने परत केला पाहिजे.

खात्री झाली की त्याच दिवशी पत्र लिहावे. ते असे :

“श्री. गुरुजी यांस सप्रेम नमस्कार. आमच्या बिल क्र. २१४ (दि. ५ ऑक्टोबर, रु. १८,४५०) चे पैसे आम्हांस दोनदा मिळाले आहेत. पहिली रक्कम दि. ८ रोजी एनईएफटीने आपल्या खात्यातून, दुसरी दि. ९ रोजी यूपीआयने आपल्या चिरंजीवांच्या खात्यातून आली. दोन्हींचे क्रमांक सोबत दिले आहेत. पहिल्या रकमेने बिल पुरे फिटले. दुसरे रु. १८,४५० आपले म्हणून आमच्याकडे जमा आहेत. ते परत पाठवावेत, की पुढील बिलात वळते करावेत, हे कृपया कळवावे. परत हवे असल्यास आपले उत्तर आल्यापासून तीन दिवसांत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवू. दि. २० पर्यंत उत्तर न आल्यास याच रीतीने परत करू. आपणांस काहीही भरावयाचे नाही, कोणताही आकडा सांगावयाचा नाही. कळावे.”

या पत्रात “आपल्या चुकीमुळे” हे शब्द नाहीत, हे ध्यानात घ्यावे. चूक कोणाची याने हिशेबात काही फरक पडत नाही; गुरुजींच्या घरात मात्र उगीच बोलाचाली होते. उलट बिल फिटल्याचे वाक्य हवेच, नाहीतर वाचणाऱ्याला वाटते की अजून काही देणे राहिले.

“ज्या खात्यातून आले त्याच खात्यात” हे शब्द तर अगदी जपून ठेवावेत. कोणी फोन करून “शेठ, चुकून दोनदा गेले, या दुसऱ्या नंबरावर परत टाका” म्हणाला तर सावध व्हावे. खोटा संदेश दाखवून न आलेले पैसे ‘परत’ मागणारे ठक पुष्कळ आहेत. गुरुजींना ती रक्कम स्वतःच्या खात्यात हवी असली, तरी चिरंजीवांची लेखी संमती घ्यावी. कारण दुसरा पैसा त्यांचा आहे. पुढच्या बिलात वळती करायची तरी तेच.

समजा, दोघांनीही कळवले, “राहू द्या, दिवाळीनंतर न्हाणीघराच्या फरश्या घ्यायच्याच आहेत.” पुढचे बिल जीएसटी धरून ११,२०० रुपयांचे झाले. इथे पुष्कळ जण घोटाळा करतात. जमा रक्कम मालाच्या किमतीतून आधीच वजा करतात आणि उरलेल्यावर कर लावतात. तसे करू नये. बिल पुऱ्या किमतीचे, पुऱ्या कराचे करावे आणि एकूण रकमेखाली लिहावे : “वजा, बिल क्र. २१४ पोटी जादा जमेतून रु. ११,२००, देणे काही नाही, शिल्लक जमा रु. ७,२५०.” ही शिल्लक पुढे ठेवायची की परत द्यायची, ते पुन्हा विचारावे.

क्रेडिट नोटही काढू नये. माल परत आला किंवा बिलात किंमत वा कर जास्त लागला, तर ती काढतात. इथे विक्री जशीच्या तशी उभी आहे. फक्त पैसा जास्त आला. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला मालापोटी आगाऊ आलेल्या पैशावर कर भरावा लागत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून ती सूट आहे. सेवेचा धंदा असेल तर तशी सूट नाही. तिथे रक्कम आगाऊ म्हणून धरली की कराचा प्रश्न लगेच उभा राहतो, म्हणून परत केलेलीच बरी.

वहीत ही रक्कम विक्रीच्या खात्यावर लिहू नये. गुरुजींच्याच खात्यावर जमेला दाखवावी आणि शेजारी चिरंजीवांच्या यूपीआयचा क्रमांक टिपावा. सहा महिन्यांनी कोणी विचारलेच, तर उत्तर एका ओळीत सापडते.

आणि वाचकहो, आपण गिऱ्हाईक असाल तर असे पत्र फाडू नका. पुढचे बिल हाती आले की त्यातली ‘वजा’ची ओळ पत्राशी ताडून पाहा. ती नसेल तर पैसे देण्यापूर्वीच विचारा; एकदा तेही बिल पुरे भरले, की आपली जमा आणखी एका बिलापर्यंत लांबते.