एलईडी हेडलाइट का लुकलुकतो?



हॅलोजनच्या जागी बसवलेला एलईडी लुकलुकतो तो निकृष्ट असल्यामुळेच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अपुरे आहे. ५५ वॅटचा हॅलोजन १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेतो, तर २५ वॅटचा एलईडी जेमतेम दोन. त्यामुळे प्रवाहावरून दिवा तपासणारा गाडीतील संगणक बल्ब गेल्याचा इशारा देतो. शिवाय अनेक गाड्यांत वीज स्पंदांनी, म्हणजे अतिजलद चालू-बंद करत, पुरवली जाते. हॅलोजनची तापलेली तार त्या खंडांतही उजळ राहते, एलईडी मात्र प्रत्येक खंडाला विझतो, आणि तेथे वीज साठवणारा कपॅसिटर असलेला डिकोडरच उपयोगी पडतो. इंडिकेटरची जलद उघडझापही कमी प्रवाहाचीच खूण होय. त्यासाठी समांतर जोडलेला ६ ओहमचा रेझिस्टर इंडिकेटर पेटलेला असताना सुमारे २४ वॅट उष्णता सोडतो, म्हणून तो प्लास्टिकवर नव्हे, पत्र्यावरच बसवावा.

— एक वाचक