‘चारा’ कुठे चुकतो? यंत्राच्या मराठी वाचनातील दोष आणि त्याचे उत्तरदायित्व

मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी यंत्रणा ‘चारा’ हा शब्द हिंदीतल्या ‘चारा’सारखा उच्चारते, तेव्हा तक्रार बहुधा ‘आवाज कृत्रिम आहे’ एवढ्यावरच थांबते. आमच्या मते ही तक्रार चुकीच्या पक्षाविरुद्ध दाखल होते. आवाजाची गुणवत्ता आणि उच्चाराची शुद्धता यांना यंत्राचे दोन निरनिराळे भाग जबाबदार असतात, आणि दोष कोणाचा हे ठरवता येते.

पहिला भाग, ध्वनिप्रतिमान, अक्षरे वाचून ‘मेल स्पेक्ट्रोग्राम’ तयार करतो. हा ध्वनीचा नकाशा होय: कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रतेवर किती ऊर्जा, एवढेच त्यात असते. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘टॅकोट्रॉन २’मध्ये दर १२.५ मिलिसेकंदांना एक स्तंभ आणि प्रत्येक स्तंभात ८० आकडे होते. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्यासाठी ६,४०० आकडे. दुसरा भाग, व्होकोडर, त्या नकाशावरून सेकंदाला २४,००० नमुन्यांचा प्रत्यक्ष ध्वनितरंग उभा करतो. त्याला मूळ अक्षरे दिसतच नाहीत. नकाशात जे आहे तेच तो ऐकवतो.

आता ‘चार गायी चारा चरतात’ हे वाक्य घ्या. ‘चार’मधला च तालव्य आहे, ‘चारा’ आणि ‘चरतात’ यांतला दंततालव्य, म्हणजे ‘त्स’च्या जवळचा. लिपीत तिन्ही एकच. नकाशात मात्र फरक स्पष्ट असतो. तालव्य च सुटताना होणाऱ्या घर्षणाची ऊर्जा साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झपासून सुरू होते, तर दंततालव्याची प्रामुख्याने चार-पाच हजारांच्या वर, ‘स’प्रमाणे, एकवटते.

दोषनिश्चितीची रीत सोपी आहे. हेच वाक्य एखाद्या मराठी माणसाकडून वाचून ध्वनिमुद्रित करावे, त्या मुद्रणाचा नकाशा गणिताने काढावा आणि तो थेट व्होकोडरला द्यावा. ‘चारा’ नीट ऐकू आला, तर व्होकोडर निर्दोष. चूक नकाशा वर्तवणाऱ्याची. उलट, खऱ्या नकाशावरूनही आवाज धातूसारखा किंवा गुणगुणल्यासारखा निघाला, तर तेवढा दोष व्होकोडरचा. उच्चाराच्या तक्रारीवर ‘नवा व्होकोडर बसवू’ हे उत्तर मिळाले, तर ते या परीक्षेत टिकत नाही.

मग ध्वनिप्रतिमान का चुकते? त्याला एकच अक्षर देऊन दोन उत्तरे अपेक्षिली जातात. नेहमीचे शब्द ते शेजारच्या अक्षरांवरून शिकून घेते. शब्द विरळ असेल तर मात्र शिक्षणात अधिक वेळा ऐकलेला ध्वनी निघतो किंवा दोहोंमधला पुसट ध्वनी. हिंदी आणि मराठी एकाच प्रतिमानाला शिकवल्या, तर लिपी समान असल्याने हिंदीचा तालव्य च मराठीवर स्वार होण्याचा धोका आणखी वाढतो.

यावर उपाय आहे आणि त्यासाठी आपले लेखन बदलावे लागत नाही. मजकूर प्रतिमानाकडे जाण्यापूर्वी त्याचे उच्चारचिन्हांत रूपांतर करावे आणि यंत्रापुरती दोन्ही ध्वनींना दोन चिन्हे द्यावीत. यातला काही भाग नियमाने साधतो: इ, ई, ए आणि य यांच्यापूर्वी हे वर्ण बहुधा तालव्यच असतात. म्हणून ‘त्याचा’ दंततालव्य आणि ‘त्याची’ तालव्य. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांचेही तेच. उरलेल्या शब्दांसाठी उच्चारकोश हवा: ‘चरण’ तालव्य, ‘चरणे’ दंततालव्य. ‘जरा’सारख्या शब्दाला कोशही पुरत नाही. ‘जरा थांबा’मधला आणि ‘जरा-व्याधी’मधला ज वेगळा आहे, आणि तो निर्णय अर्थ पाहूनच होतो.

एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. पारंपरिक दूरध्वनी वाहिनी सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचा ध्वनी कापते. दंततालव्य च ओळखण्याची मुख्य खूण त्याहून वर असल्याने, दूरध्वनीवरील सूचनेत निर्दोष उच्चारही धूसर वाटेल. परीक्षा नेहमी मूळ ध्वनिफितीवरच घ्यावी.

सीमाभागात कन्नड आणि हिंदीच्या जोडीने मराठी घोषणा यंत्राकडून ऐकवायच्या असतील, तर ‘आवाज नैसर्गिक असावा’ ही अट पुरेशी नाही. आवाज कितीही गोड असला तरी तो चुकीचा शब्द गोडपणे म्हणू शकतो. करारातच च, ज, झ यांच्या शब्दांची परीक्षायादी जोडावी, मराठी श्रोत्यांनी ती ऐकून तपासावी आणि अनुत्तीर्ण शब्दांची दुरुस्ती उच्चारकोशात करण्याचे बंधन पुरवठादारावर घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.