‘मा.’, ‘श्री.’ आणि ‘साहेब’ : तिघांना एकाच ओळीत कशाला बसवायचं?

आपल्या केशवापुरात अर्ज लिहायचा म्हटलं की तीन भाषांचे मायने एकदम डोक्यात गर्दी करतात. शाळेत कन्नड अर्ज शिकलेला असतो : आधी ‘इंद’ म्हणून स्वतःचं नाव, मग ‘इवरिगे’, मग ‘मान्यरे’. घरात कुणी रेल्वेत असेल तर ‘सेवा में’ आणि ‘भवदीय’ हे हिंदी शब्द ओळखीचे असतात. मराठी मात्र घरात बोलायची, फार तर व्हॉट्सॲपवर लिहायची. म्हणून कोल्हापूरला किंवा पुण्याला एखाद्या कार्यालयात मराठीतून पत्र पाठवायची वेळ आली की पहिल्या ओळीतच गाडी अडते. मग ‘नमस्कार सर’ लिहून मोकळं व्हायचं, नाहीतर भीतीपोटी सगळे मान एकत्र ओतायचे : ‘मा. श्री. जिल्हाधिकारी साहेब यांसी’.

माझं मत असं, की ह्या दोन्हींत दुसरं जास्त चुकीचं आहे. ‘नमस्कार सर’मध्ये निदान आपुलकी तरी असते. दुसऱ्या ओळीत लिहिणाऱ्याचा गोंधळ दिसतो. ‘श्री.’ हे माणसाच्या नावामागे लागतं, पदाच्या नाही. ‘श्री. जिल्हाधिकारी’ नावाचा कुणी गृहस्थ नसतो. ‘साहेब’ हा बोलण्यातला मान आहे. कार्यालयात उभं राहून ‘साहेब, जरा बघा की’ म्हणायला तो छान, कागदावर पदापुढे ‘मा.’ असताना त्याची गरज उरत नाही. ‘मा. जिल्हाधिकारी’ एवढं पुरतं.

ह्या ‘मा.’चीही एक गंमत आहे. मराठीत ‘माननीय’ आणि ‘माजी’ दोन्ही ‘मा.’ असेच आखडले जातात. चौकातल्या फलकावर ‘मा. नगरसेवक’ वाचून ते अजून पदावर आहेत की उतरले, हे कळत नाही. (काहींना ते तसंच राहिलेलं बरं वाटत असावं.) पदावरच्या अधिकाऱ्याला लिहिताना हा घोळ होत नाही, पण निवृत्त झालेल्या किंवा माजी पदाधिकाऱ्याला लिहायचं असेल तर ‘माजी’ हा शब्द पूर्ण लिहावा.

मान वाढवायला विशेषणं वाढवावी लागतात, ही समजूत जुनी आहे. पेशवाईतल्या पत्रांत ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असा मायना असे. पुढे त्याचं ‘रा. रा.’ झालं आणि आता तेही गेलं. दरबार गेला तसे मायने आखूड झाले, आणि ते योग्यच झालं. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना त्यांच्या कार्यालयानं देशातल्या व्यवहारातून ‘महामहिम’ काढून ‘माननीय’ आणि ‘राष्ट्रपती महोदय’ हे शब्द पुरेसे मानले. राष्ट्रपतींना जो शब्द पुरतो तो कुलसचिवांना कमी पडेल असं कुणी समजू नये.

आता बाईंना लिहायचं असेल तर? इथं आपल्याकडची अडचण महाराष्ट्रातल्या लोकांना चटकन कळत नाही. कन्नडमध्ये ‘श्रीमती’ म्हणजे लग्न झालेली बाई, साधा अर्थ. जुन्या मराठी घरांत मात्र नवरा हयात असलेल्या बाईला ‘सौ.’ लावायचं आणि विधवेला ‘श्रीमती’, अशी रीत होती. त्यामुळे आपल्या आज्जीला पत्रावर ‘श्रीमती’ दिसलं तर ती दचकते. आणि महाराष्ट्र शासनाच्या कागदांत सगळ्याच महिला अधिकाऱ्यांना, लग्न झालेलं असो वा नसो, ‘श्रीमती’ लिहितात. एकच शब्द, तीन अर्थ.

माझ्या मते कार्यालयीन पत्रात तिसरा अर्थ धरावा आणि ‘सौ.’ व ‘कु.’ पूर्ण टाळावेत. अधिकारी बाईंचं लग्न झालंय की नाही ह्याच्याशी आपल्या अर्जाचा संबंध काय? आणि खरं तर नावाचीही गरज नसते. अर्ज पदाला लिहावा. ह्यामागे नुसता शिष्टाचार नाही, व्यवहार आहे. टपाल आधी आवक विभागात जातं, तिथं नोंद होते, मग ते संबंधित टेबलावर पोचतं. पाकिटावर नुसतं नाव असलं तर ते खाजगी समजून बाजूला ठेवलं जाऊ शकतं, आणि तोवर त्या व्यक्तीची बदली झाली तर मागे मागेच फिरत राहतं. पदाची बदली होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापूरहून बी. ए. करून धारवाडला एम. ए.ला येणारी एक मुलगी. तिनं लिहिलेला पहिला मजकूर असा :

‘नमस्कार सर, कसे आहात? मी मायग्रेशनसाठी फॉर्म भरला होता, अजून आलं नाही. प्लीज लवकर पाठवा ना. इकडे ॲडमिशनची लास्ट डेट आहे. थँक यू सर.’

तोच मजकूर कागदावर असा यावा :

प्रति,
मा. कुलसचिव,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर.
विषय : स्थलांतर प्रमाणपत्र मिळण्याबाबत.
महोदय,
मी आपल्या विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले असून स्थलांतर प्रमाणपत्रासाठी (दिनांक) रोजी अर्ज केला आहे. धारवाड येथील प्रवेशासाठी ते (दिनांक) पर्यंत सादर करावयाचे आहे. तरी प्रमाणपत्र त्यापूर्वी मिळावे, ही विनंती.
आपली विश्वासू,

काय बदललं बघा. ‘कसे आहात’ गेलं, कारण अनोळखी अधिकाऱ्याला विचारलेल्या ह्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं. ‘प्लीज पाठवा ना’ची जागा ‘मिळावे’नं घेतली. मराठीत विनंतीची नम्रता क्रियापदातच असते, तिला वेगळा शब्द चिकटवावा लागत नाही. ‘लवकर’च्या जागी तारीख आली. आणि ‘सर’च्या जागी ‘महोदय’. कुलसचिव बाई असतील तर ‘महोदया’. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नाव असतं, एक मिनिटात कळतं. कळलंच नाही तर ‘महोदय/महोदया’ लिहावं. ते न खोडलेल्या छापील फॉर्मसारखं दिसतं खरं, पण चुकीच्या संबोधनापेक्षा बरं.

इथं दोन शब्द मुलं हमखास वापरतात, ते टाळावेत. ‘मान्यरे’चं भाषांतर म्हणून ‘मान्यवर’ लिहितात. मराठीत मान्यवर व्यासपीठावर बसलेले असतात, त्यांना अर्ज करत नाहीत. दुसरा ‘प्रिय सर’. इंग्रजीतला तो रिवाज आहे, पण मराठीत ‘प्रिय’ म्हटलं की बरोबरीचं किंवा वयानं धाकटं माणूस डोळ्यांपुढे येतं. कार्यालयांत ‘प्रिय श्री. अमुक’ असं लिहितात, पण ते अर्धशासकीय पत्रात, एका अधिकाऱ्यानं दुसऱ्याला. अर्जदारानं त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या कॉलेजपुरतं एक. प्राचार्य फादर असले तरी रजेचा अर्ज ‘मा. प्राचार्य’ ह्यांनाच जातो. नाव लिहायचंच असेल तर ‘रेव्ह. फादर’ आणि पुढे पूर्ण नाव. ‘श्री. फादर’ नको. सिस्टर असतील तर ‘महोदया’ लिहायला काहीच हरकत नाही, पण त्या रोज कॉरिडॉरमध्ये भेटतात, तर ‘आदरणीय सिस्टर’ जास्त शोभतं, आणि ते मराठीला परकंही वाटत नाही.

आणि सही करताना ‘आपला’ की ‘आपली’ एवढं बघायचं. व्हॉट्सॲपवरून आलेला मित्राचा अर्ज जसाच्या तसा उतरवला की बहुतेक वेळा तिथंच पकडलं जातं.