तापात जेवण सुटले, तरी साखर का चढते?

औरंगपुऱ्यातील एका मधुमेही अम्मींना लघवीचा जंतुसंसर्ग झाला. तापाने जेवण सुटले, म्हणून घरच्यांनी इन्सुलिनही थांबवले. दुसऱ्या दिवशी साखर 340. सारखी तहान, तासातासाला लघवी.

संसर्गाशी झुंजताना शरीर साखर वाढवणारी संप्रेरके सोडते, त्यामुळे उपाशीपोटीही साखर चढते. म्हणून आम्ही सांगतो, इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. मात्रा डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब असतील तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या, तेही विचारा. दर चार तासांनी साखर तपासा. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर घोटघोट साधे पाणी पाजत राहा.

साखर 300 च्या वरच राहिली, उलट्या थांबेनात, धाप लागली किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नका. थेट घाटी रुग्णालय गाठा.